मार्केटला सर्किट लागतं तेव्हा नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केट एका दिवसात तीन-चार टक्के आपटलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच ते प्रश्न सुरू होतात, सर्किट लागणार का, म्हणजे भाव फार हलला म्हणून सगळे सौदे थांबवणार का, लागलं तर पैसे अडकणार का, माझा स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला आपोआप विकायची ऑर्डर, लावलेली आहे ना मग मला काय टेन्शन वगैरे. दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मार्च २०२० मध्ये मी एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात डीलिंगला बसायचो, त्या महिन्यात दहा दिवसांत दोनदा मार्केट बंद पडलेलं डोळ्यासमोर बघितलंय, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तेव्हाचीच आहेत.

माझ्या एका शेअरला तर आठवड्यातून तीनदा लोअर सर्किट लागतं, मग त्यात एवढं काय?

ते सर्किट वेगळं आणि हे वेगळं, शब्द एकच असल्यामुळे सगळा घोळ होतो. तुमच्या शेअरला जे लागतं तो त्या शेअरचा प्राइस बँड, म्हणजे कालच्या बंद भावापासून २, ५, १० किंवा २० टक्के, एक्स्चेंजने त्या शेअरला जो ठरवून दिलाय तो. भाव त्या रेषेवर टेकला की त्याच्या खाली ऑर्डरच टाकता येत नाही. पण त्या शेअरचं ट्रेडिंग बंद झालेलं नसतं बरं का, दुकान उघडंच असतं, फक्त गिऱ्हाईक नसतं. विकणाऱ्यांची रांग लाखात आणि घेणारा शून्य. कोणी आला घ्यायला तर त्या भावाला सौदा होतोही.

ज्या शेअरमध्ये फ्युचर-ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेचे वायदे, चालतात त्यांना असा पक्का बँड नसतो, तिथे दहा टक्क्यांची रेघ असते आणि भाव तिथे जाऊन टेकला की अटी बघून ती रेघ पुढे सरकवतात. म्हणून मोठे शेअर एका दिवसात पंचवीस-तीस टक्केही पडलेले दिसतात.

आणि हे ज्याबद्दल लिहितोय ते पूर्ण मार्केटचं सर्किट, सेबीने २ जुलै २००१ पासून आणलेलं. यात एनएसईचा निफ्टी किंवा बीएसईचा सेन्सेक्स, जो आधी ठरलेली पातळी तोडेल त्याच्यावरून देशभरातलं सगळं शेअर मार्केट आणि त्यावरचे फ्युचर-ऑप्शन एकदम थांबतात. तुमचा शेअर त्या दिवशी हिरव्यात असला तरी थांबतो.

किती पडलं की किती वेळ बंद?

तीन पायऱ्या आहेत, १०, १५ आणि २० टक्के, आणि त्या कालच्या बंद आकड्यावरून रोज नव्याने काढतात.

दहा टक्के दुपारी एकच्या आत गेले तर पाऊण तास बंद. एक ते अडीचच्या मध्ये गेले तर पंधरा मिनिटं. अडीचनंतर गेले तर बंदच करत नाहीत, चालू ठेवतात. पंधरा टक्के एकच्या आत गेले तर पावणेदोन तास, एक ते दोनमध्ये पाऊण तास, आणि दोननंतर गेले तर त्या दिवसाचं मार्केट संपलं. वीस टक्के कधीही गेले तरी घरी जा, उद्या या.

या प्रत्येक थांब्यानंतर ऑर्डर गोळा करून पहिला भाव काढायचं पंधरा मिनिटांचं प्री-ओपन सेशन असतं आणि मग ट्रेडिंग चालू होतं. म्हणजे पाऊण तासाचं सर्किट प्रत्यक्षात एक तासाचं पडतं, हे बरेच जण विसरतात आणि मग पंचेचाळीस मिनिटं झाली तरी चालू का नाही म्हणून फोन करतात.

१३ मार्च २०२० ला नक्की काय झालं होतं?

शुक्रवार होता. आदल्या रात्री अमेरिकेत डाउ निर्देशांक जवळपास दहा टक्के पडलेला, करोनाची भीती जगभर, त्यामुळे आपल्याकडे काय होणार हे सकाळी ऑफिसला येतानाच कळत होतं. गुरुवारी निफ्टी ९,५९०.१५ ला बंद झालेला. त्याचे दहा टक्के काढा, खालची रेघ येते साधारण ८,६३१. सव्वानऊला मार्केट उघडलं आणि पाच मिनिटांच्या आसपास निफ्टी ८,६२४ ला जाऊन पोचला. खेळ खल्लास. स्क्रीनवर जे लाल आकडे भराभर बदलत होते ते एकदम जागच्या जागी थांबले, आणि सगळ्यात विचित्र काय वाटलं तर शांतता, कारण त्या क्षणापर्यंत तिन्ही फोन वाजत होते आणि तेसुद्धा काही सेकंद थांबले.

इथे एक गंमत बघा. त्या क्षणी सेन्सेक्स फक्त साडेनऊ टक्क्यांच्या आत-बाहेर पडलेला होता, २९,६८७ च्या आसपास, त्याची स्वतःची दहा टक्क्यांची रेघ होती साधारण २९,५००. म्हणजे सेन्सेक्सने काही तोडलं नव्हतं, निफ्टीने तोडलं आणि त्याच्यापायी बीएसईही थांबली. नियम असाच आहे, दोघांपैकी जो आधी.

१०:०५ पर्यंत थांबा, मग प्री-ओपन, १०:२० ला परत चालू. चालू झाल्यावर आधी अजून खाली गेलं, सेन्सेक्सने २९,३८८ चा तळ दाखवला, आणि तिथून जे फिरलं ते संध्याकाळी ३४,१०३ ला, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा १,३२५ पॉइंट वर बंद. तळापासून मोजलं तर ४,७०० पॉइंटची उडी एका दिवसात. सकाळी सव्वानऊला ज्यांनी मिळेल त्या भावाला विकून टाकलं त्यांच्याशी दुपारी फोनवर काय बोलायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

पण थांबवून मिळतं काय? ज्याला विकायचंय तो तासाभराने विकेलच की.

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर भीती-बीती, डोकं शांत होणं वगैरे देतात ते मला अर्धवट वाटतं. डोकं शांत होतं थोडंफार, पण खरं काम पैशांचं आहे.

असं बघा. तेव्हा निफ्टी फ्युचरचा एक लॉट ७५ चा होता. समजा एका माणसाने आदल्या दिवशी ९,५९० ला एक लॉट घेऊन ठेवलाय आणि त्याने खात्यात दीड लाख मार्जिन, म्हणजे अनामत, ठेवलंय. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत ९६६ पॉइंट गेले, गुणिले ७५, साधारण ७२ हजार रुपये. म्हणजे चहा गार व्हायच्या आत निम्मं मार्जिन गेलं. आता ब्रोकरचं रिस्क खातं त्याला फोन करणार, मेसेज टाकणार की पैसे भर नाहीतर पोझिशन कापतो, म्हणजे तुझा उघडा सौदा विकून टाकतो. माणूस बँकेच्या ॲपमध्ये ओटीपीची वाट बघत बसलेला असतो, तेवढ्यात आणखी दोन टक्के गेले की ब्रोकर थांबत नाही, कापतो. त्या कापण्याने भाव अजून पडतो, आणि त्या भावाने पुढच्या माणसाचं मार्जिन संपतं. यात कोणाचंही मत बदललेलं नसतं, कंपनीबद्दल नवीन काही कळलेलं नसतं, विक्री विक्रीला जन्म देत असते.

तो पाऊण तास मिळाला की हीच साखळी मध्ये तुटते. लोक पैसे भरतात, आम्ही त्या दिवशी पाऊण तासात फोनवर फोन करून कोणाकडे किती मार्जिन कमी पडतंय ते सांगितलं, काहींनी भरले, काहींनी सांगितलं की चालू झालं की निम्मं विका. म्हणजे विक्री झालीच, पण ठरवून झाली.

दुसरं म्हणजे घेणारे. मार्केट पडताना नुसते विकणारे वाढत नाहीत, घेणारे बाजूला होतात. ज्यांचं काम दोन्ही बाजूंनी भाव लावून ठेवणं असतं ते भाव इतका जोरात हलायला लागला की आपल्या ऑर्डर काढून घेतात. एरवी एखाद्या मोठ्या शेअरमध्ये खरेदीच्या पाच भावांवर हजारो शेअर लावलेले दिसतात, त्या सकाळी पाच-पन्नास शेअर आणि दोन भावांमध्ये रुपया-रुपयाचं अंतर होतं. अशा वेळी मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची, टाकली तर ती पायऱ्या उतरत उतरत कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. मोठे फंड, विमा कंपन्या यांना घ्यायचं असतं, पण त्यांना आत विचारायला, परवानगी घ्यायला वेळ लागतो, ते पाच मिनिटांत येऊ शकत नाहीत. तासाभरात येतात.

माझा स्टॉपलॉस लावलेला होता, तो तर सेफ आहे ना?

नाही. आणि हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. सर्किट लागलं की एक्स्चेंज ऑर्डर जुळवणं तिथल्या तिथे थांबवतं आणि सिस्टममध्ये ज्या ऑर्डर जुळल्याशिवाय पडून आहेत त्या सगळ्या काढून टाकतं. ठरावीक भावाची लिमिट असो, स्टॉपलॉस असो, सगळ्या. पोझिशन मात्र तशीच राहते. म्हणजे परत चालू होताना तुमच्याकडे पोझिशन आहे आणि कवच नाही.

आमच्याकडे एक रिटायर्ड मास्तर यायचे, रोज एकच ट्रेड करणारे, स्टॉपलॉसशिवाय कधी न करणारे, एकदम शिस्तीचा माणूस. त्या दिवशी त्यांनी मोबाइलवरून सौदा केलेला आणि सर्किट लागल्यावर निवांत बसले की माझा स्टॉपलॉस आहे. मी म्हटलं सर एकदा ऑर्डर बुक उघडून बघा. त्यांनी बघितलं, कॅन्सल. तीनदा ॲप बंद करून चालू केलं, कॅन्सलच. चिडले माझ्यावर की मी न विचारता काढलीच कशी. त्यांना पटवण्यात दहा मिनिटं गेली की हे एक्स्चेंजने केलंय, मी नाही, सगळ्या देशाची ऑर्डर गेलीय.

बरं, प्री-ओपनच्या पंधरा मिनिटांत स्टॉपलॉस ऑर्डर परत टाकताही येत नाही, तिथे फक्त लिमिट आणि मार्केट ऑर्डर चालतात. म्हणजे ट्रेडिंग चालू झाल्यावर लगेच टाकायची, पहिल्या काही सेकंदांत, आणि तेव्हाच सगळ्यांच्या ॲपवर लोड. जीटीटी, म्हणजे ठरलेला भाव आला की ब्रोकरने आपोआप टाकायची ऑर्डर, लावली असेल तर ती एक्स्चेंजवर नसते, ब्रोकरकडे असते, त्यामुळे ती सर्किटच्या वेळी कशी वागते हे आपापल्या ब्रोकरला आधीच विचारून ठेवा.

ते प्री-ओपन कशाला मग? सरळ चालू का नाही करत?

सरळ चालू केलं तर पहिला भाव काय असेल? ऑर्डर तर सगळ्या उडालेल्या, पाटी कोरी, ज्याची पहिली ऑर्डर पोचेल त्याचा भाव, आणि तो काहीही असू शकतो. म्हणून पहिली सातेक-आठ मिनिटं नुसत्या ऑर्डर गोळा करतात, टाका, बदला, काढा, सौदा होत नाही. नक्की कोणत्या सेकंदाला बंद करणार हे सांगत नाहीत, सातव्या आणि आठव्या मिनिटाच्या मध्ये कधीतरी बंद होतं, म्हणजे शेवटच्या क्षणी कोणी मोठी ऑर्डर टाकून खेळ करू नये. मग ज्या एका भावाला सगळ्यात जास्त शेअर हातबदल होतील तो भाव काढतात आणि सगळे जुळणारे सौदे त्याच भावाला लागतात. नंतर थोडी मिनिटं मोकळी ठेवून नेहमीचं ट्रेडिंग.

मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघितला असेल तर कल्पना येईल, गाडी आली की आधी सगळे व्यापारी जमतात मग बोली. एकटा व्यापारी उभा असताना बोली सुरू केली तर शेतकऱ्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. २०२० मध्ये हे प्री-ओपन कॅशला, म्हणजे नेहमीच्या शेअर खरेदी-विक्रीलाच होतं, फ्युचर-ऑप्शनवाले तेवढा वेळ नुसते बघत बसले होते.

मग २३ मार्चला का नाही सावरलं?

कारण सर्किट मार्केट सावरायला नसतंच. २३ मार्चला सोमवारी ९:५८ ला थांबलं, या वेळी उलटं झालं, सेन्सेक्सने आधी रेघ तोडली. आदला बंद २९,९१५.९६, थांबला तेव्हा २६,९२४, मोजून दहा टक्के, आणि निफ्टी तेव्हा साडेनऊ टक्क्यांच्या थोडा पुढे. १०:५८ ला चालू झालं आणि अजून घसरलं. बंद होताना सेन्सेक्स ३,९३४ पॉइंट म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त खाली, २५,९८१ ला. पंधरा टक्क्यांची रेघ २५,४२८ च्या आसपास होती, तिथवर सेन्सेक्स दिवसभरात गेला नाही, नाहीतर दुसरा थांबा लागला असता.

फरक काय होता? १३ ला पडलेलं बरंचसं घाबरून आणि मार्जिनपायी होतं, तासाभरात घेणारे आले. २३ ला शहरं बंद होत होती, रेल्वे बंद झालेली, कंपन्यांची कमाई खरंच बुडणार हे दिसत होतं. भाव खाली जायला कारण होतं आणि तो गेला. थांबा फक्त एवढं बघतो की खाली जाताना रस्ता असावा, दरी नसावी.

थांबा आहे म्हणूनच लोक घाईने विकतात, असं पण ऐकलंय?

हो, आणि याचा सगळ्यात वाईट नमुना चीनचा आहे. त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये हे पहिल्यांदा आणलं, ५ टक्क्यांना पंधरा मिनिटं थांबा आणि ७ टक्क्यांना दिवसभरासाठी बंद. आकडे बघूनच कळायला पाहिजे होतं, दोन पायऱ्यांमध्ये दोनच टक्के. ५ ला थांबून परत चालू झालं की प्रत्येकाच्या डोक्यात एकच, आता ७ ला कुलूप लागणार, त्याच्या आत बाहेर पडा. मग सगळे एकदम दाराकडे पळाले आणि ७ खरंच लागलं. ४ जानेवारीला लागलं, ७ जानेवारीला परत लागलं, त्या दिवशी सगळं मिळून अर्धा तासही ट्रेडिंग झालं नाही. ८ पासून त्यांनी ही भानगडच बंद केली.

आपल्याकडे पहिली पायरी दहाला आणि पुढची पंधराला, मध्ये पाच टक्के मोकळे, त्यामुळे तेवढी ओढ लागत नाही. अमेरिकेत ७, १३, २० आहे आणि मार्च २०२० मध्ये त्यांनाही चार वेळा थांबावं लागलं. तरी नऊ-साडेनऊ टक्क्यांवर आल्यावर थोडी खेच जाणवतेच, मी ती १३ तारखेला डोळ्यांनी बघितलीय, शेवटचा अर्धा टक्का फार पटकन गेला.

वर जाताना पण सर्किट लागतं?

लागतं. १८ मे २००९, निवडणुकीचा निकाल शनिवारी लागलेला आणि सोमवारी मार्केट उघडल्या उघडल्या दहा टक्क्यांच्या वर जाऊन थांबलं. जवळपास दोन तासांनी परत चालू झालं तर क्षणात अजून वर आणि दिवसभरासाठी बंद. सेन्सेक्स १७.३४ टक्के वर, आणि प्रत्यक्ष ट्रेडिंग किती तर मिनिटभरसुद्धा नाही.

१७ टक्क्यांना दिवसभर बंद कसं, वीस लागतात ना, असं कोणी विचारलं तर बरोबर विचारलंत. तेव्हा टक्के कालच्या बंदवरून नाही, मागच्या तिमाहीच्या शेवटच्या दिवसावरून काढायचे. ३१ मार्चला सेन्सेक्स होता ९,७०८ आणि मे उजाडेपर्यंत मार्केट खूप चढलेलं, त्यामुळे त्या जुन्या आकड्याचे वीस टक्के म्हणजे १,९४० च्या आसपास पॉइंट, आणि त्या दिवशी वाढ झाली २,११० पॉइंट. हा बेस २०१३ मध्ये बदलून रोजचा केला ते बरंच झालं.

अडीचनंतर दहा टक्के पडलं तर चालू का ठेवतात, तेव्हा भीती नसते का?

असते, पण तेव्हा थांबवलं तर परत चालू करायला वेळच उरत नाही. त्याच दिवशी सौदा उघडून बंद करणाऱ्या इंट्राडे वाल्यांना साडेतीनच्या आत पोझिशन काढायची असते, त्यांना कोंडून ठेवलं तर रात्रभराची पोझिशन त्यांच्या गळ्यात, ज्यासाठी त्यांच्याकडे मार्जिनही नसतं.

ॲपवर भाव हलत नाहीत, हे सर्किट आहे की ॲप हँग झालंय?

आधी निफ्टी-सेन्सेक्स किती टक्के पडलेत बघा. दहाच्या जवळपास नसतील तर सर्किट नाही. मग एनएसई आणि बीएसई दोन्हीकडचा भाव बघा. सर्किटमध्ये दोन्ही थांबतात, एकच थांबलं असेल तर एक्स्चेंजची तांत्रिक भानगड, आणि फक्त तुमच्याच ॲपवर थांबलं असेल तर ब्रोकरची.

२४ फेब्रुवारी २०२१ ला हेच झालं होतं, एनएसई सकाळी पावणेबाराच्या सुमाराला बंद पडली, बीएसई चालू. आता परत चालू होणारच नाही असं समजून बऱ्याच ब्रोकरांनी लोकांच्या इंट्राडे पोझिशन बीएसईवर काढून टाकल्या, आणि मग एनएसईने जाहीर केलं की पावणेचारला चालू करतोय, पाचपर्यंत. ज्यांच्या पोझिशन आधी कापल्या गेल्या ते अजून शिव्या घालतात. तांत्रिक थांब्याचं वेळापत्रक आधीपासून ठरलेलं नसतं, त्यामुळे तिथे तासाभरात चालू होईल असं गृहीत धरू नका.

माझी एसआयपी त्या दिवशी असेल तर?

एसआयपी होते. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दिवसाच्या शेवटी काढतात, मध्ये तासभर बंद होतं की नव्हतं याचा तिला फरक पडत नाही. १३ मार्चला ज्याची एसआयपी होती त्याला संध्याकाळच्या भावाने युनिट मिळाले, सकाळचा तळ मिळाला नाही, असं एकाने माझ्याकडे तक्रार म्हणून सांगितलं होतं.

सोनं, क्रूड, डॉलर पण थांबतात का?

नाही, हा नियम शेअर आणि शेअरवरच्या डेरिव्हेटिव्हपुरता आहे. कमोडिटीची स्वतःची लिमिट असतात, ती आपापली चालतात. त्या शुक्रवारी शेअरच्या स्क्रीन गोठलेल्या असताना शेजारच्या टेबलवर आमचा कमोडिटीवाला पोरगा निवांत चांदीचे सौदे मारत होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.